हप्ता भरा, दंड भरा, मग उरलेला दंड भरा

मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला? अभिनंदन. आता वर्षाची फी एकदम भरून टाकण्याचा अविचार करू नका. कॉलेजनं खास तुमच्यासाठी 'सुलभ हप्ता योजना' काढली आहे, आणि संस्थाचालकांनी एवढ्या मायेनं पुढे केलेला हात झिडकारणं आपल्या संस्कारात बसत नाही. गेल्या आठवड्यात माझ्या मुलाचं हॉल तिकीट 'फी बाकी' या शेऱ्यावर अडकलं आणि या योजनेचे सगळे पैलू मला जवळून बघायला मिळाले. एवढं ज्ञान एकट्यानं बाळगणं बरं नव्हे, म्हणून होतकरू पालकांसाठी हे मार्गदर्शन.

सर्वात आधी, हमीपत्र वाचू नका. मागे रांग आहे.

योजना समजायला सोपी आहे. फी १,२०,००० रुपये. त्यातले ३०,००० प्रवेशाच्या वेळी, १ ऑगस्टला. उरलेले तीन हप्ते ३० सप्टेंबर, ३० नोव्हेंबर आणि ३१ जानेवारीला, प्रत्येकी ३०,०००. या उपकाराचं 'सुविधा शुल्क' २,००० रुपये. मुदत चुकली की दिवसाला १०० रुपये विलंब शुल्क. शंभर रुपये म्हणजे आजकाल काय हो, दोन वडापाव आणि दोन चहा, असं स्वतःला सांगा आणि सही ठोका.

हप्त्याची तारीख आणि पगाराची तारीख यांचा मेळ घालायच्या भानगडीत पडू नका. हप्ता महिनाअखेरीला असतो आणि पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेला होतो. त्यात एखादा रविवार आला, गृहकर्जाचा हप्ता वळता झाला, की कॉलेजचे पैसे निघायला नऊ तारीख उजाडते. नऊ दिवसांचे ९०० रुपये. ३०,००० वर ९०० म्हणजे तीन टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं. फक्त हे तीन टक्के नऊ दिवसांचे आहेत. वर्षाचा दर काढलात तर १२० टक्क्यांच्या पुढे जातो. गावातला सावकार महिन्याला पाच टक्के घेतो म्हणून आपण त्याच्या नावानं खडे फोडतो. तो बिचारा वर्षाला साठावर थांबतो. शिवाय तो शिक्षणमहर्षी नसतो. निदान नेहमी नसतो.

पैसे ऑनलाइनच भरा. रात्री अकरा वाजता सर्व्हर झोपलेला असतो, तुम्हीही झोपा. दिवस तुमच्या खात्यात धरला जाईल.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला: उशीर झालाच असेल, तर पोर्टलवर हप्त्याचा नेमका आकडा टाका. ३०,००० म्हणजे ३०,०००. दंड नंतर बघू, असा विचार करा. मी असाच भरला, ९ ऑक्टोबरला. पैसे गेले, हिरवी खूण आली, पावती डाउनलोड झाली, पावतीवर '३०,००० प्राप्त' असं स्वच्छ छापलेलं. मी ती मुलाला व्हॉट्सॲप केली आणि विषय संपला असं समजलो. पडद्यामागे काय झालं ते ३१ ऑक्टोबरला कळलं. कॉलेजच्या सिस्टीमनं त्या ३०,००० मधून आधी स्वतःचा ९०० रुपये दंड कापून घेतला. उरलेले २९,१०० फीच्या खात्यात जमा केले. म्हणजे फीत ९०० बाकी. आणि हप्ता बाकी आहे म्हटल्यावर दिवसाला १०० चालू! बाकी ३०,००० असो की ९००, दंड तोच, शंभर. रिक्षातून उतरल्यावर मीटर तरी थांबतं हो. इथे ३०,००० रुपये मोजून खाली उतरलो, आणि मीटर पुढचे बावीस दिवस रिकाम्या रिक्षात पळत राहिलं. ९०० रुपयांच्या बाकीवर २,२०० रुपये दंड. ना एसएमएस, ना मेल, ना फोन. वाढदिवसाला मात्र संस्थेच्या अध्यक्षांच्या फोटोसकट शुभेच्छा येतात, त्या एकदाही चुकलेल्या नाहीत. त्यासाठी सिस्टीम आहे.

काउंटरवरच्या ताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "सर, आमच्या हातात काही नाही, सिस्टीमच घेते." म्हटलं, सिस्टीमला आधी दंड घे असं कुणी सांगितलं? त्या म्हणाल्या, "दंडमाफीचा अर्ज करा, प्राचार्यांची सही घ्या, मग फाइल संस्थेच्या ऑफिसला जाते." फाइल किती दिवसांत येते? "दिवाळीनंतर बघा." आणि तोवर? तोवर रोजचे शंभर आहेतच. दंड माफ व्हावा म्हणून जो अर्ज करायचा, त्याच्या निकालाची वाट बघण्याचाही दंड. सोमवारी पेपर होता. बाकी ९०० आणि दंडाचे २,२०० असे ३,१०० रुपये मुकाट भरले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, जीएसटी नाही एवढंच समाधान.

असो. आपण शांतपणे सल्ला देत होतो.

कर्ज काढून फी एकदम भरण्याचा विचार तर मुळीच करू नका. लोक काय म्हणतील? 'मुलाच्या फीसाठी बायकोच्या पाटल्या बँकेत ठेवल्या' असं सोसायटीत झालं म्हणजे! त्यापेक्षा १२० टक्क्यांनी दंड भरलेला अब्रूदार. तरी ज्यांना अब्रूची फिकीर नाही त्यांच्यासाठी हिशेब मांडतो, हळूच वाचा.

पहिले ३०,००० तुमचे तुम्ही भरणारच होतात. उरलेले ९०,००० सोनेतारण कर्ज म्हणून काढले, दर साधारण दहा टक्के, आणि १ ऑगस्टला सगळी फी चुकती केली. सुविधा शुल्क गेलं, तारखा गेल्या, पोर्टल गेलं. मग कर्जात तेच ३०,००० तुमच्या सवडीनं, म्हणजे पगार झाल्यावर, ऑक्टोबर, डिसेंबर आणि फेब्रुवारीच्या दहा तारखेला भरत गेलात. व्याज जेवढी रक्कम बाकी तेवढ्यावरच. पहिल्या टप्प्यात सुमारे १,७२५, मग ६०,००० वर सुमारे १,०००, शेवटच्या ३०,००० वर ५१०. एकूण साधारण ३,२४०. मूल्यांकन आणि प्रक्रियेचे करासकट सहाएकशे धरा. ३,८४० रुपयांत वर्ष पार, आणि पाटल्या फेब्रुवारीत घरी.

हप्त्यांचं काय? २,००० सुविधा शुल्क, शिवाय तीनही हप्ते नऊ-नऊ दिवस उशिरा गेले तर २,७००. झाले ४,७००. त्यात सिस्टीमनं माझ्यासारखा एकदाच हात मारला की आणखी २,२००, म्हणजे ६,९००. कर्जाच्या जवळपास पावणेदोनपट.

आता कॉलेजच्या बाजूनंही बोलतो, नाहीतर एकतर्फी म्हणाल. तुमचे पैसे दर वेळी मुदतीच्या आत जात असतील, तर हप्ते स्वस्त आहेत. २,००० रुपयांत काम होतं, कर्जाला ३,८४० लागतात. फरक १,८४०. म्हणजे वर्षभरात सगळे मिळून अठरा दिवसांपर्यंत उशीर झाला तर हप्ता परवडतो, त्याच्या पुढे कर्ज. ज्यांचा पगार एक तारखेच्या आत हातात पडतो, त्यांनी हप्तेच घ्यावेत. ज्यांचा सातला होतो, त्यांचे सत्तावीस दिवस सही करतानाच ठरलेले असतात. आणि ही तारीख कॉलेजला माहीत नसते असं समजू नका. प्रवेश अर्जात पालकाचा व्यवसाय आणि उत्पन्न दोन्ही लिहून घेतात.

कर्ज म्हणजे कुठलंही नव्हे, हेही सांगून टाकतो. मोबाइलवर पाच मिनिटांत मिळणारं वैयक्तिक कर्ज पंधरा टक्क्यांनी घेतलंत, वर दोन टक्के प्रक्रिया शुल्क आणि त्यावर जीएसटी, तर त्याच ९०,००० ना ७,००० च्या आसपास पडतात. मग दंड काय वाईट होता! सोनं नसेल तर मुदत ठेवीवर ओव्हरड्राफ्ट काढा, ठेवीच्या व्याजापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त दर लागतो एवढंच. नोकरीत कर्मचाऱ्यांची पतपेढी असेल तर आधी तिथे विचारा. आणि कर्ज कुठलंही असो, मधेच थोडी थोडी रक्कम भरली तर व्याज त्या दिवसापासून कमी होतं का, हे घेण्याआधी विचारा. नाही म्हणाले तर वरचा सगळा हिशेब कोलमडतो.

बरं, थट्टा पुरे झाली.

बँकेनं हेच केलं असतं तर? रिझर्व्ह बँकेनं १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात बँका आणि वित्त कंपन्यांना बजावलं आहे की दंड हा शिस्तीसाठी असतो, कमाई वाढवायला नव्हे. तो वाजवी हवा, आणि दंडावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. कर्ज देताना सगळे खर्च धरून वर्षाचा दर किती पडतो तेही लिहून द्यावं लागतं. ज्या बँकांना आपण लुटारू म्हणतो, त्यांना हे बंधन. आणि विद्यादान करणाऱ्यांना काय? उधारीचा धंदा करायचा, २,००० रुपये आगाऊ घ्यायचे, १२० टक्क्यांचा दंड लावायचा, तो आधी कापून फी बाकी दाखवायची, त्या बाकीवर पुन्हा दंड चढवायचा, आणि वसुलीसाठी पोराचा पेपर ओलीस धरायचा. याला सुविधा म्हणता? शुल्क नियामक प्राधिकरणापुढे फीचा एकेक रुपया मांडता ना, मग हे रोजचे शंभर कुठल्या खर्चातून निघाले ते सांगा. माझ्या ९०० रुपयांवाचून बावीस दिवस कुठल्या प्रयोगशाळेची वीज तोडली होती?

आणि पालकहो, तुम्हीही कमी नाही. साडी घेताना दहा दुकानं पालथी घालता, भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीवरून वाद घालता, आणि सव्वा लाखाच्या कागदावर न वाचता सही करता. काउंटरवरच्या ताईंना एवढं विचारायला जीभ अडखळते कुठे: उशीर झाला तर आधी फी वळती होते की दंड? थोडी बाकी राहिली तर दंड पूर्णच लागतो का? आज एकूण किती भरले म्हणजे खातं शून्य होतं? उत्तर तोंडी नको, खात्याचा उतारा छापून द्या म्हणायचं. देत नसतील तर तिथेच उभं राहायचं. मागची रांग ओरडेल, ओरडू दे. त्यांनीही वाचलेलं नाही.