भाव पडणे म्हणजे सुरक्षितता नव्हे

"संध्याकाळी भाजी निम्म्या भावात मिळते, तसा पडलेला शेअर घेतला की झाली ना मार्जिन ऑफ सेफ्टी?"

गुंतवणुकीवरच्या एका लेखात भाषणानंतर श्रोत्यांतून आलेला हा प्रश्न आहे, पण त्याचं उत्तर फार थोडक्यात आटोपलंय. मार्जिन ऑफ सेफ्टी म्हणजे शेअरचं मूल्य आणि आपण दिलेला भाव यांतलं अंतर, अंदाज चुकला तरी सांभाळून घेणारं. संध्याकाळची जुडी निम्म्या भावात मिळते, पण निम्मी पानं पिवळी पडलेली असतील तर सूट कसली? सूट मोजायची ती निवडून उरणाऱ्या भाजीवर, सकाळच्या भावावर नाही.

शेअरचंही तेच. समजा, कंपनीचा प्रतिशेअर नफा 10 रुपये आहे आणि नफ्याच्या 15 पट किंमत रास्त वाटते, म्हणजे मूल्य 150. आता हात आखडता घेऊन पाहा: नफा 8 वर आला, पटही 12 च धरली, तर मूल्य 96. शेअर 200 वरून 140 वर आला तरी माझ्या मते तो महागच. 95 च्या आसपास मिळाला तरच अंदाज चुकायला जागा राहते. आणि नफा दरवर्षी घटतच असेल, तर हे 96 सुद्धा टिकत नाहीत. म्हणून आधी विक्री आणि कर्जाचे मागच्या काही वर्षांचे आकडे बघा, भाव नंतर.