भाडं भरा, पण त्याला भाडं म्हणू नका

अभिनंदन! लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात तुमच्या कंपनीने शोरूम घेतलं. नऊ वर्षांचा करार, वर्षाला १० कोटी भाडं. मालक नऊ वर्षं बांधलेला, तुम्ही मात्र तीन वर्षांचं लॉक-इन संपलं की नोटीस देऊन मोकळे. मुंबईत जागेचा असा करार पदरात पडला म्हणजे पेढे वाटायला हरकत नाही. फक्त अकाउंट्सवाल्यांना पेढा द्यायला जाऊ नका. तुमची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे, म्हणजे तिला इंड एएस ११६, लीजचा हिशोब कसा मांडायचा हे सांगणारं लेखा मानक, लागू आहे, आणि ते लोक आधीच कपाळाला हात लावून बसलेत.

पूर्वी कसं सोपं होतं! भाडं भरलं, नफा-तोटा पत्रकात खर्च टाकला, विषय संपला. पुढच्या आठ वर्षांचं भाडं द्यायचं आहे हे ताळेबंदाला कळतच नसे. टिपांमध्ये कुठेतरी बारीक अक्षरात असायचं आणि टिपा वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. १ एप्रिल २०१९ पासून हे सुख गेलं. आता देणं असलेल्या भाड्याची आजची किंमत काढायची, ती कर्जासारखी देण्यांत दाखवायची, आणि तेवढ्याच रकमेचा ‘जागा वापरण्याचा हक्क’ मालमत्तेत बसवायचा. मग दरवर्षी हक्कावर घसारा आणि देण्यावर व्याज. ‘भाडं’ हा शब्द नफा-तोटा पत्रकातून गायब. घरमालक मात्र दर महिन्याला त्याच शब्दाने फोन करतो.

म्हणून पहिला सल्ला. ऑडिटरला ठणकावून सांगा की आमचा करार लीज नाहीच, कागदावर ‘लीव्ह अँड लायसन्स’ लिहिलंय. मुद्रांक भरून नोंदणीही केलीय. ऑडिटर चहा संपवेल आणि विचारेल की ठरलेली जागा आहे का, ती कशी वापरायची हे तुम्ही ठरवता का, तिचा फायदा तुम्हालाच मिळतो का. तिन्ही उत्तरं ‘हो’ आली की शीर्षकाला कोणी विचारत नाही.

आता आकडे. सोपं जावं म्हणून भाडं वर्षाअखेर एकदाच आणि न वाढता देतो असं धरू, आणि व्याजदर १० टक्के. नऊ वर्षं दहा-दहा कोटींची आजची किंमत येते ५७.५९ कोटी. पहिल्या वर्षी घसारा ६.४० कोटी आणि व्याज ५.७६ कोटी, मिळून १२.१६ कोटी. खिशातून गेले दहा. वरचे दोन कोटी सोळा लाख कुठून आले? कुठूनच नाही, ते पुढच्या वर्षांतून उचलून आणले. देणं सुरुवातीला मोठं म्हणून व्याज मोठं, मग ते उतरत जातं. पाचव्या वर्षापर्यंत हा खर्च भाड्यापेक्षा जास्त असतो, सहाव्यापासून कमी. नऊ वर्षांची बेरीज बरोबर नव्वद कोटी. पण संचालक मंडळ नववं वर्ष बघत नाही, ते हा मार्च एंड बघतं.

तुमचा पूर्वीच्या पद्धतीने एबिट्डा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा, २५ कोटी होता. त्यातून ६ कोटी घसारा आणि बँकेच्या ५० कोटींच्या कर्जावर ५ कोटी व्याज गेलं की करपूर्व नफा १४ कोटी. नव्या पद्धतीत भाडं खर्चातून उठलं, एबिट्डा एका रात्रीत ३५ कोटी! करपूर्व नफा मात्र ११.८४ कोटी. आता तुमचं कर्तव्य स्पष्ट आहे. गुंतवणूकदारांच्या कॉलवर पहिलं वाक्य ‘एबिट्डा चाळीस टक्क्यांनी वाढला’ हे असू द्या. पत्रकारांना पाठवायच्या निवेदनात कामकाजातून आलेल्या रोखीचा आकडाही टाका. तोही दहा कोटींनी फुगलाय, कारण ते पैसे आता कर्जफेड आणि व्याज म्हणून खाली वित्तपुरवठ्याच्या रकान्यात जातात. एकूण रोख एका रुपयानेही हललेली नाही, पण एवढ्या आनंदाच्या दिवशी तो विषय कोण काढतं?

काढतो, बँकेचा माणूस काढतो.

सँक्शन लेटरच्या मागच्या पानांवर एक अट असते, जी तुम्ही सही करताना वाचली नव्हती. एकूण कर्ज एबिट्डाच्या अडीच पटीच्या आत ठेवायचं. जुन्या हिशोबात ५० भागिले २५, म्हणजे दोन पट, निवांत. नव्या हिशोबात वर्षाअखेर भाड्याचं ५३.३५ कोटी देणं शिल्लक. ते कर्जात मिळवलं की १०३.३५, भागिले ३५, म्हणजे २.९५ पट. अट मोडली. व्याज झेपण्याची कसोटी बघाल तर तीही गडगडली: व्याज आणि करापूर्वीचा नफा आधी व्याजाच्या ३.८ पट होता, आता २.१ पट. धंदा तोच, गिऱ्हाईक तेच, काउंटरवरची पोरंही तीच.

‘एबिट्डा तर वाढला, मग गुणोत्तर का बिघडलं?’ असं विचारायची तुम्हाला हौस असणारच. मिसळीवरून समजून घ्या. तुमचा रस्सा दोन पट तिखट. त्यात तुम्ही ओतलेला भाडेकराराचा कट, ५३.३५ कोटींचं देणं आणि वाचलेलं दहा कोटी भाडं, म्हणजे ५.३ पट तिखट. एकत्र केल्यावर तिखटपणा मधे कुठेतरी येणार. कट रश्श्यापेक्षा सौम्य असता तर गुणोत्तर सुधारलं असतं. कट किती जहाल हे ठरतं मुख्यतः उरलेल्या वर्षांवरून.

इथे हुशार माणसाचे डोळे चमकतात. वर्षं कमी दाखवायची! लॉक-इन तीनच वर्षांचं आहे ना? मग ऑडिटरला सांगा की चौथ्या वर्षी आम्ही इथे असू याची खात्री नाही, जग बदलतंय, धंदा ऑनलाइन चाललाय. तीन वर्षांच्या हिशोबाने देणं फक्त २४.८७ कोटी, वर्षाअखेर १७.३६. गुणोत्तर १.९२ पट, म्हणजे भाडं नुसतं खर्चात टाकायचात त्याहूनही चांगलं! माझ्या माहितीतल्या एका फायनान्स हेडने हा आकडा निघाल्यावर टीमला दादरहून बटाटेवडे मागवले होते.

वडे संपेपर्यंत ऑडिटर आला. त्याने एकच गोष्ट मागितली, इंटिरिअरच्या बिलांची फाइल. इटालियन संगमरवर, छतापर्यंतचा जिना, मिळून १८ कोटी, आणि पुस्तकात घसारा नऊ वर्षांवर. आता बोला. तीन वर्षांत निघणारा माणूस संगमरवर बसवतो का? भाडेकरार सोडण्याचा हक्क तुम्ही वापरणार नाही याची ‘वाजवी खात्री’ आहे का, हे तो तुमच्या बोलण्यावरून ठरवत नाही. जागेवर ओतलेला पैसा, सोडताना बसणारा फटका, जागेचं धंद्यातलं महत्त्व, तुमचा आजवरचा रिवाज हे तो बघतो.

तरीही तुम्ही तीन वर्षांवर ठाम राहिलात तर फारच छान, कारण मग संगमरवरही तीन वर्षांत संपवावा लागेल. दरवर्षी दोन कोटींऐवजी सहा कोटी घसारा. करपूर्व नफा ९.२२ कोटी, म्हणजे नऊ वर्षं कबूल केली असती त्याहून अडीच कोटींनी कमी. आणि तीन वर्षांनी तुम्ही राहायचं ठरवलंत (राहणारच, जिना कोण सोडतं?) की उरलेल्या सहा वर्षांचं साडेत्रेचाळीस कोटींचं देणं एका दिवसात ताळेबंदावर चढेल. तोवर तुम्ही दुसऱ्या कंपनीत गेलेले असाल अशी सोय करून ठेवा.

दुसरी युक्ती व्याजदराची. दर जितका चढा, आजची किंमत तितकी कमी. म्हणून ऑडिटरसमोर स्वतःची पत मनसोक्त पाडा. ‘आम्हाला कोण देतंय दहा टक्क्यांनी? चौदाने मिळालं तरी नशीब!’ चौदाने देणं ४९.४६ कोटींवर येतं. गुणोत्तर तरीही २.७५ पट, अट मोडलेलीच. शिवाय त्याच ताळेबंदात ५० कोटींवर ५ कोटी व्याज छापलंय, तिसरीतलं पोरही दर सांगेल.

तिसरी युक्ती खरोखर चालते, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. भाडं विक्रीच्या टक्केवारीत ठरवा. विक्रीवर अवलंबून असलेलं भाडं देण्यात धरायचं नसतं, ते जसं होईल तसं खर्चात जातं, अगदी पूर्वीसारखं. मॉलवाले हे ऐकून गोड हसतात आणि मसुद्यात ‘किमान हमी’ नावाची ओळ घालतात. ती हमीची रक्कम पुन्हा ताळेबंदात. हमी नको असेल तर मालकाने तुमच्या मंदीत वाटेकरी व्हायला हवं, आणि मुंबईतल्या जागामालकाला तुमच्या मंदीचं किती दुःख होतं हे तुम्हाला माहीतच आहे.

अकरा महिन्यांचा करार? बारा महिन्यांपर्यंतच्या भाडेकराराला सवलत आहे खरी. घ्या ना, आणि अकराव्या महिन्यात मालक जवाहिऱ्याला जागा देईल तेव्हा जिना उचलून न्या.

सगळ्यात कंटाळवाणा उपाय शेवटी सांगतो, कारण त्यात हुशारी दाखवायला वाव नाही. करारावर सही करण्याआधी सँक्शन लेटर काढून ‘कर्ज’ आणि ‘एबिट्डा’ यांच्या व्याख्या वाचायच्या. गुणोत्तरं इंड एएस ११६ वगळून मोजावीत असं एक कलम बँकेकडून लिहून घ्यायचं, मार्चच्या आधी. काही बँका नव्या मंजुरीत ते स्वतःहून देतात. आणि कलम अर्धवट घ्यायचं नाही: देणं वगळलं तर भाडं परत खर्चात धरायचं, नाहीतर बँकेच्या लक्षात येतंच की तुम्हाला ३५ कोटींचा एबिट्डा हवाय आणि ५० कोटींचंच कर्ज. अट मोडल्यावर माफी मागायला गेलात तर ती फी घेऊन मिळते, आणि तोवर ऑडिटर तुमचं दीर्घ मुदतीचं कर्ज चालू देण्यांत हलवायची भाषा करू लागतो.

जाल तेव्हा शाखेत जरा इकडेतिकडे बघा. तीही भाड्याच्याच जागेत असेल. रिझर्व्ह बँकेने मार्च २०१९ मध्ये बँकांना इंड एएस पुढच्या सूचनेपर्यंत लांबणीवर टाकून दिलं, त्यामुळे तुमचं २.९५ पट बघून भुवया उंचावणारे साहेब स्वतःच्या शाखेचं भाडं आजही खर्चात टाकतात. ते बोलून दाखवू नका. आधी माफीच्या पत्रावर त्यांची सही होऊ द्या.