इन्व्हर्टरची बॅटरी काढून लिथियम आयन कपॅसिटर?

"खानापुरात लाईट सारखी जातीय, इन्व्हर्टरला बॅटरीऐवजी लिथियम आयन कपॅसिटर लावला तर चालंल काय?"

दादा, लिथियम आयन कपॅसिटर म्हणजे लिथियम बॅटरी आणि झटपट चार्ज होणारा सुपरकपॅसिटर ह्यांच्या मधला प्रकार. हिशोबच घालून बघा की. 3300 फॅरडचा एक सेल 3.8 व्होल्टपासून 2.2 व्होल्टपर्यंत वापरला तर साधारण 4.4 वॉट-अवर मिळतात, म्हणजे 10 वॉटचा बल्ब जेमतेम 26 मिनिटं, आणि सेलचं वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. त्याच्या दुप्पट एनर्जी टॉर्चमधला 45-50 ग्रॅमचा 18650 लिथियम सेल देतोय. त्यामुळं घरच्या दोन तासांच्या बॅकअपला हे परवडणारं नाही.

आणि 2.2 च्या खाली न्यायचाच नाही हे फार महत्त्वाचं. साधा सुपरकपॅसिटर शून्यावर आणून शॉर्ट करून ठेवला तरी चालतोय, पण ह्याच्या निगेटिव्ह बाजूच्या कार्बनमध्ये कारखान्यातच लिथियम भरलेलं असतंय, ते जास्त निघून गेलं की आतली तांब्याची पट्टी विरघळायला लागते, गॅस होतोय आणि पाऊच फुगतोय. फुगलेला सेल परत चार्ज करू नका. लो-व्होल्टेज कटऑफ असलेला बोर्ड नसेल तर हात लावू नका.

हे सगळं सोडून मिळतंय काय, तर मोठा करंट आणि लाखो सायकल. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या सीएनसी मशीनवाल्यांना लाईट गेल्यावर जनरेटर उचलेपर्यंतचे 10 सेकंद काढायचे असतात, तिथं मात्र हे लावावं, कारण दिवसातनं कितीदा पण झटका बसला तरी बॅटरीसारखं दोन-चार वर्षांत बसत नाही. तुम्ही घरी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीच घ्या.