‘जरा सारखं करते हं, ताई’

भुवया नेमक्या कोणत्या क्षणी बिघडतात हे कुणालाच सांगता येत नाही, कारण त्या क्षणी डोळे मिटलेले असतात. मान मागे, एका हाताने पापणी खाली ओढलेली, दुसऱ्या हाताने कपाळ वर ताणलेलं, डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी आणि कानाशी दोऱ्याची किर्रकिर्र. स्वतःचीच कातडी स्वतःच्याच हातांनी ताणून धरून दुसऱ्याला केस उपटू द्यायचे आणि वर त्याचे पैसे द्यायचे, असा हा व्यवहार आहे. त्यात हात जरा सैल पडला की कातडी सुरकुतते, दोऱ्याच्या फासात दोनऐवजी सहा केस येतात आणि कमानीखाली एक चकचकीत मोकळी जागा तयार होते.

तरीही खरी दुर्घटना ही नव्हे. ती यानंतर, हातात आरसा आल्यावर घडते. आपण म्हणतो, ‘‘ताई, उजवी जरा जाड वाटतेय का?’’ आणि पलीकडून अत्यंत प्रेमळ आवाजात उत्तर येतं, ‘‘थांबा, जरा सारखं करते हं.’’ लोण्याच्या वाटणीत माकडाने दोन मांजरांना असंच प्रेमाने सारखं करून दिलं होतं. आधी उजवी बारीक होते, मग तिच्यापुढे डावी जाड दिसते, मग डावी. शेवटी दोन्ही भुवया अगदी सारख्या होतात, कारण दोन्ही जवळजवळ नसतातच.

म्हणून माझा पहिला सल्ला खुर्चीतून उठण्याचा आहे. दोरा फिरल्यावर कातडी लाल होते, थोडी सुजतेही, आणि दोन्ही बाजू सारख्याच सुजतील असा काही नियम नाही. शिवाय आरशात निरखून बघताना काही माणसं नकळत एक भुवई उचलतात. संशयाने बघणारा तर हमखास उचलतो. त्यामुळे त्या क्षणी दिसलेला फरक निम्मा सुजेचा आणि निम्मा आपल्याच चेहऱ्यावरच्या रागाचा असू शकतो. निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेडात, कपाळ सैल सोडून, आरशापासून हातभर लांब उभं राहून लावावा. फोन नाकाशी धरून काढलेला फोटो पुरावा म्हणून ग्राह्य धरू नये. इतक्या जवळून नाकही आपलं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशीही फरक दिसला, तर हिशेब असा आहे. भुवईचा केस महिन्याला साधारण चार-पाच मिलिमीटर वाढतो, म्हणजे डोक्याच्या केसाच्या निम्म्याहूनही कमी वेगाने. त्यातून दोऱ्याने तो मुळापासून निघालेला असतो, त्यामुळे त्वचेच्या वर यायलाच काही आठवडे घेतो. आणि सगळे केस एकदम येत नाहीत, ज्याची त्याची पाळी असते. पहिली खुंटं महिन्याभरात दिसायला लागतात, भुवई पूर्ण भरायला दोन ते चार महिने लागतात. एरंडेलाने हा वेग दुप्पट होतो असं आत्या, मावशी आणि शेजारच्या काकू एकमुखाने सांगतील. तसा पुरावा नाही. एरंडेलाने एकच गोष्ट खात्रीने होते: सकाळी पेन्सिल घसरते.

आता पेन्सिलकडे वळू. घरात काळी पेन्सिल म्हणून जी पटकन हाती लागते ती काजळाची असते, आणि इथेच पुष्कळ जणींचा घात होतो. काजळ डोळ्यांच्या कडेवर सहज फिरावं म्हणून मऊ आणि तेलकट केलेलं असतं. भुवईवर ते सकाळी ठीक दिसतं, अकरा वाजता चमकायला लागतं आणि लोकलच्या प्रवासानंतर कानाच्या दिशेने निघतं. शिवाय त्याचा काळा रंग सपाट असतो. खऱ्या भुवईत केसांमधून त्वचा डोकावत असते, म्हणून काळेभोर केस असले तरी भुवई एकूण गडद तपकिरी दिसते. तेव्हा आयब्रो पेन्सिलच घ्यावी, कडक आणि बारीक टोकाची, केसांपेक्षा एक छटा फिकट, राखाडीकडे झुकणारी तपकिरी. लालसर तपकिरी घेतली तर भुवईला मेंदी लावल्यासारखी दिसते.

एक उदाहरण घेऊ. उजवी भुवई ठीक आहे. डावीची शेपटी अर्धा सेंटिमीटर आखूड झाली आहे आणि कमानीच्या खालच्या कडेला चार मिलिमीटरची रिकामी जागा आहे.

चेहरा धुतल्यावर क्रीम आणि सनस्क्रीन नेहमीसारखं लावायचं, पण ते मुरायला दहा मिनिटं द्यायची आणि मग भुवईवरून टिश्यू हलकेच दाबायचा. हा भाग कंटाळवाणा आहे, म्हणून सगळे गाळतात, आणि म्हणूनच सगळ्यांची पेन्सिल दुपारी पुसते. त्यानंतर एक सरळ काडी किंवा तीच पेन्सिल नाकपुडीच्या बाजूला उभी धरायची. ती डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरून वर जिथे जाते तिथे भुवईची सुरुवात. समोर बघत, नाकपुडीपासून बुबुळाच्या बाहेरच्या कडेला स्पर्श करत ती तिरकी केली की कमानीची उंची कुठे हवी ते कळतं. आणखी तिरकी करून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून नेली की शेपटीचा शेवट. दोन्ही बाजूंना असे तीन-तीन हलके ठिपके द्यायचे. आता डाव्या भुवईचं नेमकं काय गेलंय ते अंदाजाने नाही, डोळ्यांना दिसतं.

रिकाम्या जागेत रंग भरायचा नाही, पेन्सिलने केस रेखाटायचे. चित्रातल्यासारखे एकेक, तीन-चार मिलिमीटर लांबीचे, केस ज्या दिशेने उगवतात त्याच दिशेने. नाकाजवळ ते वर जातात, मध्ये वर आणि कानशिलाकडे तिरके, शेपटीत खाली उतरतात. कमानीखालच्या आपल्या जागेसाठी सहा-सात रेघा पुरतात. शेपटी ठिपक्यापर्यंत नेताना हात हलका करत जायचं, म्हणजे टोक निमुळतं होतं. ती सुरुवातीच्या पातळीपेक्षा खाली उतरली, तर चेहरा कायमचा सुतकात दिसतो. दर चार रेघांनंतर आरशापासून हातभर मागे सरायचं. मोठं दाखवणाऱ्या आरशात नाक खुपसून काढलेली भुवई फक्त त्या आरशालाच छान दिसते.

शेवटी ब्रश. धुतलेला जुना मस्काऱ्याचा ब्रशही चालतो. तो दोन्ही भुवयांवरून फिरवला की रेघांच्या कडा मवाळ होतात. आणि चांगल्या, निष्पाप उजव्या भुवईतही चार रेघा काढाव्या लागतात. नाहीतर एक भुवई उगवलेली आणि एक काढलेली, हा फरक आकार जुळूनही लपत नाही. वर पारदर्शक जेलचा एक हात दिला की दिवस निघतो. दोऱ्याने कातडी कापली असेल किंवा पुटकुळ्या आल्या असतील, तर मात्र जागा पूर्ण बरी होईपर्यंत तिथे यातलं काहीही लावायचं नाही.

यात आपल्याकडच्या दोन गोष्टी हमखास आड येतात. एक टिकली. ती आपण दोन भुवयांच्या बरोबर मध्ये लावतो, पण भुवयांची टोकंच सरकलेली असतील तर तो मध्यही सरकतो, आणि टिकली चेहऱ्याच्या मध्यावरून ढळून बोट दाखवते की पाहा, गडबड इथे आहे. तेव्हा काही आठवडे टिकली नाकाच्या रेषेवर लावावी, भुवयांचं ऐकू नये. दुसरी गोष्ट मुंडावळ्या. कपाळावरून आडवी, सरळ, मोत्यांची रेघ, म्हणजे चेहऱ्यावर पट्टीच ठेवली. तिच्याखाली दोन मिलिमीटरचा फरकही शेवटच्या रांगेतल्या आत्याबाईंना दिसतो. लग्न ठरलेल्यांनी म्हणूनच नवा आकार, नवं पार्लर, नवी ताई हे प्रयोग निदान चार महिने आधी संपवावेत. हळदीच्या आदल्या दिवशी फक्त ओळखीच्या हाताकडून किरकोळ साफसफाई. चश्मा असलेल्यांचं नशीब थोर आहे. जाड वरच्या कडेची, भुवईवर बसणारी फ्रेम घातली की निम्मं काम ती करते. काचांना कड नसलेली नाजूक फ्रेम तेवढे दिवस डबीत.

सगळ्यात मोहाचा आणि सगळ्यात घातक उपाय म्हणजे भुवया झाकायला फ्लिक्स कापणं. हे बहुधा रात्री अकराला, न्हाणीघरात, स्वयंपाकघरातल्या कात्रीने होतं. ओले केस ताणून भुवईच्या खाली कापले जातात, वाळल्यावर आखडून वर जातात, कुरळे असतील तर चांगले दोन-तीन सेंटिमीटर. आता बिघडलेली भुवई आहे आणि तिच्यावर महिरप आहे. डोक्याचे केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे ते पुन्हा भुवईखाली येईपर्यंत भुवया भरूनही जातील. तोवर त्या फ्लिक्स कोरड्या असताना बाजूला वळवायच्या, मुळाशी एकदा पीळ द्यायचा आणि कानाच्या वर दोन काळ्या पिना एकमेकींवर फुलीसारख्या लावायच्या. पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे हवी. आपण सगळ्या ती उलटी लावतो आणि मग पिना घसरतात म्हणून पिनांना शिव्या घालतो.

मधला काळ खरा कसोटीचा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खुंटं येतात, आणि ती हवी तिथे कमी व नको तिथे जास्त येतात असं वाटतं. चिमटा घरात असेल तर तो दुसऱ्या कुणाकडे द्यावा. निदान सहा-आठ आठवडे काहीही उपटायचं नाही, कारण आज आगाऊ वाटणारा केस उद्याच्या कडेचाच असू शकतो. नाकाच्या वर मध्यभागी उगवणारे तेवढे काढायला हरकत नाही. रात्री पेन्सिल काढताना घासायचं नाही. रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस वीस सेकंद दाबून धरायचा आणि केसांच्या दिशेने पुसायचा.

मग एक दिवस पुन्हा पार्लरची पायरी चढावीच लागते. तिथे ‘‘छान आकार द्या’’ असं म्हणू नये. छान म्हणजे काय याबद्दल तिचं आणि तुमचं एकमत कधीच नव्हतं. घरून निघतानाच भुवया पेन्सिलने हव्या त्या आकारात भरून जायचं आणि खुर्चीत बसताच सांगायचं, ‘‘ताई, या रेघेच्या बाहेरचे, तेही फक्त खालचे. वरच्या कडेला हात लावू नका.’’ ती हसेल, ‘‘अहो, कळतं मला,’’ म्हणेल. पण प्रत्येक भुवई अर्धी झाली की थांबायला सांगून डोळे उघडायचे, पाहायचं, आणि मगच पुन्हा मिटायचे. कातडी घट्ट ताणून धरायची. आणि दोन्ही झाल्यावर आरसा हातात आला की उजवी कितीही जाड वाटो, तोंडातून ‘‘झकास’’ याखेरीज दुसरा शब्द निघू द्यायचा नाही.