दर पंधरा मिनिटांचा फोटो असताना ध्रुवीय उपग्रह कशाला?

«इन्सॅट दर पाव तासाला अख्ख्या भारताचे ढग दाखवतो. मग दिवसातून दोनदाच डोक्यावरून जाणारे ध्रुवीय उपग्रह जुनाट झाले. त्यांच्यावर पैसे घालवू नका.» पुण्यातल्या अनेक गटांत फिरलेला संदेश.

पहिली चूक ‘ढग दाखवतो’ या शब्दांत आहे. इन्सॅट-३डीआर आणि ३डीएस सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून दृश्य आणि अवरक्त किरणांत पाहतात, आणि दाट ढग अवरक्त किरण अडवतो. म्हणून त्यांना दिसतो तो ढगाचा माथा, पोट नव्हे. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकून पुण्यातही झाडे पाडणाऱ्या निसर्ग वादळासारख्या प्रसंगी हा फरक जिवावरचा ठरतो. वादळाचे केंद्र उंच ढगांच्या पांढऱ्या चादरीखाली दडले, की अवरक्त चित्रावरून ते ठरवताना दहा-वीस किलोमीटरची किंवा त्याहूनही मोठी चूक होऊ शकते, आणि अलिबाग ते श्रीवर्धन हे सरळ अंतरच साधारण ६५ किलोमीटर आहे. ध्रुवीय उपग्रह टिपतात त्या मायक्रोवेव्ह लहरी मात्र वरच्या विरळ हिमढगांतून जवळपास विनाअडथळा येतात आणि खालचे पावसाचे कडे उघड करतात.

मग मायक्रोवेव्ह उपकरण इन्सॅटवरच का बसवत नाहीत, असे कोणी विचारील. अडचण अंतराची आहे. नोआ-२० या ध्रुवीय उपग्रहावरील एटीएमएस हे मायक्रोवेव्ह उपकरण हवेचे तापमान मोजताना सुमारे २.२ अंशांच्या कोनात पाहते. ८२० किलोमीटरवरून तो ठिपका जमिनीवर साधारण ३२ किलोमीटरचा पडतो, तर इन्सॅटच्या उंचीवरून तोच ठिपका १,३०० किलोमीटरहून मोठा होईल, म्हणजे पुणे आणि दिल्ली एकाच ठिपक्यात. त्यावर उपाय म्हणजे चाळीसपट रुंद अँटेना, आणि ती अवकाशात नेऊन अचूक रोखणे फार अवघड आहे.

‘दिवसातून दोनदाच’ ही तक्रार एका उपग्रहापुरती खरी आहे. वेगवेगळ्या वेळी येणाऱ्या अनेक ध्रुवीय उपग्रहांची मोजमापे पूर्वानुमानाच्या मॉडेलमध्ये एकत्र जातात, आणि मॉडेलला ढगांच्या चित्रापेक्षा हवेच्या प्रत्येक थरातील तापमान व आर्द्रता अधिक हवी असते.

तरीही इन्सॅटची जागा ध्रुवीय उपग्रह घेऊ शकत नाही, हे मी तितक्याच ठामपणे सांगतो. एप्रिलमध्ये पुण्यावर दुपारी तीननंतर उठणारा वळवाचा ढग तासाभरात गारा पाडून मोकळा होतो. नोआ-२० दीडच्या सुमारास येऊन गेलेला असतो आणि पुन्हा येतो तो रात्री दीडला. त्याच्या दुपारच्या फेरीत, आकाश निरभ्र असल्यास, खाली किती बाष्प साठले आहे आणि वरची हवा किती थंड आहे याचा अंदाज मिळतो. त्यानंतर कोणत्या ढगाचा माथा झपाट्याने थंड होत वर चढतो आहे, हे पाव तासाच्या चित्रांवरूनच कळते.