कारण आणि परिणाम, दोन्ही एकाच माणसाला विचारताना

व्यवस्थापनाचे पीएचडी प्रबंध वाचताना एक वाक्य पुन्हा पुन्हा समोर येतं: 'हरमन सिंगल फॅक्टर टेस्टमध्ये पहिल्या फॅक्टरचा वाटा ५० टक्क्यांपेक्षा कमी आला, म्हणजे कॉमन मेथड बायस नाही.' कॉमन मेथड बायस म्हणजे सगळं एकाच पद्धतीने, एकाच माणसाकडून मोजल्यामुळे आकड्यांमध्ये शिरणारा खोटा संबंध; आणि सगळ्या उत्तरांमधला किती भाग एकाच समान घटकातून, म्हणजे फॅक्टरमधून, येतो हे ही चाचणी पाहते. त्या वाक्यावर गाईडने आणि परीक्षकांनी समाधान मानणं थांबवावं असं माझं ठाम मत आहे. का, ते सविस्तर लिहितो.

नेहमीचा विषय घेऊ: साहेबांच्या नेतृत्वाचा कर्मचाऱ्यांच्या कामगिरीवर होणारा परिणाम. एखाद्या बँकेच्या शाखांमध्ये गुगल फॉर्म फिरतो. पहिली दहा विधानं 'माझे साहेब माझं म्हणणं ऐकून घेतात' अशी, पुढची दहा 'मी माझं काम वेळेत पूर्ण करतो' अशी. सगळ्याला एक ते पाचचीच मोजपट्टी, आणि तोच माणूस एका बैठकीत सगळं भरतो. कोणाला सरसकट 'सहमत' म्हणायची सवय असते, कोणाचा त्या दिवशी मूड चांगला असतो, कोणाला स्वतःला आणि साहेबांनाही चांगलं दाखवायचं असतं. या सगळ्याची छाप दोन्ही बाजूंच्या आकड्यांवर पडते. मग सहसंबंध येतो आणि आपण लिहितो की नेतृत्वामुळे कामगिरी सुधारते.

हे किती खोल जातं हे बॅरी स्टॉ यांनी १९७५ साली एका प्रयोगात दाखवलं. त्यांनी तीन-तीन जणांचे गट केले, एका कंपनीचे आर्थिक आकडे त्यांच्यापुढे ठेवले आणि पुढची विक्री व प्रति शेअर उत्पन्न यांचा अंदाज बांधायला सांगितलं. नंतर काही गटांना 'तुमचं उत्तम झालं' असं सांगितलं, काहींना 'खराब झालं'. कोणाला काय सांगायचं हे यादृच्छिक पद्धतीने ठरवलं होतं, खऱ्या कामगिरीशी त्याचा संबंध नव्हता. मग गट कसा चालला हे प्रश्नावलीतून विचारलं. 'उत्तम' ऐकलेल्यांनी आपल्या गटातली एकजूट, संवाद आणि प्रेरणा जास्त असल्याचं नोंदवलं. म्हणजे निकाल कानावर पडला आणि 'कारणं' त्यानुसार आठवली! आपल्या बँकेतल्या कर्मचाऱ्याला यंदा चांगलं इन्क्रिमेंट मिळालं असेल, तर त्याला साहेब किती ऐकून घेणारे वाटतील, याचा विचार करा.

आता हरमनच्या चाचणीकडे येऊ. कल्पना करा की त्या २० विधानांपैकी कुठल्याही दोघांमधला सहसंबंध ०.२ आहे आणि तो सगळाच्या सगळा उत्तर देण्याच्या सवयीतून आलाय. नेतृत्व नाही, कामगिरी नाही, नुसती पद्धतीची छाप. गणित करा: पहिल्या फॅक्टरचा आकार सांगणारी आयगेन व्हॅल्यू १ + १९ × ०.२ = ४.८. भागिले २०, म्हणजे २४ टक्के. ५० च्या कितीतरी खाली, चाचणी पास. दहा-दहा विधानांच्या दोन्ही मापनांचा क्रोनबॅक अल्फा, म्हणजे विश्वासार्हतेचा आकडा, ०.७१ येतो, म्हणजे ०.७ ची प्रचलित अटही पूर्ण. आणि दोन्हींच्या बेरजांमधला सहसंबंध? तोही ०.७१! दोनशे जणांच्या नमुन्यात पी व्हॅल्यूपुढे तारेच तारे, म्हणजे निकाल योगायोगाचा नाही असा शिक्का. अल्फाइतकाच सहसंबंध आला की दोन मापनं वेगळी उरलीच नाहीत, हे डोळ्यांत भरायला हवं. पण तक्ते वेगवेगळ्या पानांवर असतात आणि ही तुलना सहसा कोणी करत नाही.

उपाय माहिती गोळा करण्याआधीच करावा लागतो. कामगिरीचे गुण शाखाधिकाऱ्याकडून घ्या किंवा निकाली काढलेल्या कर्ज प्रकरणांची नोंद घ्या. त्यासाठी दोन्हीकडच्या कागदांची जोडी लावावी लागते. कर्मचाऱ्याला नावाऐवजी कोड द्या, यादी फक्त संशोधकाकडे ठेवा आणि फॉर्म बंद पाकिटात थेट स्वतः गोळा करा. एचआरकडून गोळा केलेत तर भीतीपोटी सगळीकडे पाचच येतील. यातही त्रुटी राहतेच: साहेबांचा लाडका कर्मचारी साहेबांना चांगले गुण देतो आणि साहेब त्याला. म्हणून मिळाली तर नोंदवहीतली आकडेवारी मला जास्त भरवशाची वाटते.

परिणामच मनातला असेल, उदाहरणार्थ नोकरीतलं समाधान, तर ते त्याच माणसाला विचारावं लागणार, तिथे साहेबांना विचारून काय कळणार? अशा वेळी नेतृत्वाचे प्रश्न आधी आणि समाधानाचे काही आठवड्यांनी विचारावेत. त्या दिवसाच्या मूडचा भाग त्याने कमी होतो, पण कायमचा सोशिक किंवा कायमचा नाराज स्वभाव दोन्ही वेळेला तोच राहतो. एकाच शाखेतल्या निम्म्या लोकांकडून साहेबांबद्दल आणि उरलेल्यांकडून समाधानाबद्दल विचारून शाखेच्या सरासरींची तुलना करता येते, पण त्याला शाखा भरपूर लागतात. दहा-बारा शाखांवर ते जमत नाही, आणि हे सिनॉप्सिस मंजूर करतानाच विद्यार्थ्याला सांगायला हवं.