प्लेटवर द्रवच नसेल तर?

«सर, कंडेन्सरमधून निघालेलं शुद्ध बेंझीन परत कॉलममध्ये सोडायचं आणि पुन्हा स्टीम जाळून उकळायचं, हे पटत नाही. त्यापेक्षा दहा प्लेट वाढवा की! ‘रिफ्लक्समुळे शुद्धता वाढते’ एवढंच लिहून तुम्ही कारण टाळलंत.»

ऊर्ध्वपातनाच्या कॉलमबद्दल लिहिताना कारण लिहायचं राहिलं, ही तक्रार रास्त आहे. स्टीमच्या खर्चाचा मुद्दाही खरा. पण प्लेट, म्हणजे कॉलममधल्या एकावर एक बसवलेल्या भोकांच्या आडव्या चकत्या, नुसत्या वाढवून काम भागणार नाही, ते का ते आकड्यांनीच पाहू.

समजा, फीडच्या प्लेटवर, म्हणजे वेगळं करायचं मिश्रण जिथे कॉलममध्ये शिरतं तिथे, मोलांच्या हिशेबात निम्मं बेंझीन, निम्मं टोल्युइन आहे. बेंझीन 80 अंशांना उकळतं, टोल्युइन 110 ला, आणि हे मिश्रण साधारण 92 अंशांना. सापेक्ष बाष्पशीलता, म्हणजे टोल्युइनच्या तुलनेत बेंझीन किती सहज वाफ होतं ते, 2.5 धरली आणि बेंझीनचा द्रवातला वाटा x, वाफेतला y म्हटला, तर y = 2.5x/(1 + 1.5x), म्हणजे वर निघणाऱ्या वाफेत बेंझीन 71 टक्के.

आता रिफ्लक्स, म्हणजे माथ्यावरून परत सोडलेला द्रव, बंद करा. वरच्या प्लेटवर द्रव येणार कुठून? तिथे वरून ओघळणारं काहीच नाही. 71 टक्क्यांची वाफ कोरड्या प्लेटच्या भोकांतून तशीच वर जाते. दहा प्लेट असोत की शंभर, माथ्यावर 71 च.

रिफ्लक्स सुरू केला की प्रत्येक प्लेटवर खालून आलेली जास्त गरम वाफ आणि वरून आलेला, बेंझीनने अधिक समृद्ध, थंड द्रव यांची गाठ पडते. वाफेतलं टोल्युइन द्रवात उतरतं आणि त्याने सोडलेल्या उष्णतेवर द्रवातलं बेंझीन वाफ होऊन निघतं. दोघांची मोलमागची बाष्पीभवन उष्णता जवळपास सारखी (सुमारे 33 आणि 31 किलोज्यूल), त्यामुळे एक मोल खाली उतरला की साधारण एक मोल वर चढतो. प्लेटवर घडतं ते हेच, आणि मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हे की या अदलाबदलीला वेगळी उष्णता द्यावी लागत नाही.

सगळाच माल परत सोडला, तर आदर्श प्लेटवर वाफ अशी चढते: 71, 86, 94, 97.5, 99. फीडची प्लेट धरून पाचच प्लेट! पण तेव्हा हाती काही लागत नाही. म्हणून मधला मार्ग काढायचा. 99 टक्के हवं आणि फीड उत्कलनबिंदूवरचा द्रव असेल, तर किमान रिफ्लक्स गुणोत्तर, म्हणजे बाहेर काढलेल्या दर मोलामागे परत सोडलेले मोल, (0.99 − 0.714)/(0.714 − 0.5), म्हणजे सुमारे 1.29. याच्या खाली अगणित प्लेटही अपुऱ्या. त्याच्या वर मात्र तुमचं म्हणणं लागू पडतं: प्लेट वाढवा, रिफ्लक्स कमी करा, स्टीम वाचवा. 1.7 घेतलं, तर मोलभर मालासाठी 2.7 मोल वाफ माथ्यापर्यंत न्यावी लागते.

चालू कॉलमचा रिफ्लक्स पंप बंद पडला, तर माथ्याचा तापमापक पाहा. 80 च्या आसपासचा काटा 92 कडे चढू लागतो, कारण प्लेट कोरड्या पडत असतात.